‘उपाशी’ लिहिले, पण कधीपासून?

केसपेपरवर नुसते ‘उपाशी ठेवा’ लिहून भागत नाही, असे आमचे ठाम मत आहे. कधीपासून, हे लिहिलेच पाहिजे.

समजा, घाटंजीची शुगर असलेली एक आजी पायाच्या जखमेच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला भरती आहे. रात्री ८ वाजता तिने भाकरी खाल्ली. कागदावर लिहिले ‘रात्री १२ पासून उपाशी’. सकाळी १० चा नंबर होता, पण तातडीचे सिझेरियन आले आणि तो दुपारी ३ वर गेला. कागदावर उपास १५ तासांचा, पोटाला मात्र १९ तासांचा. त्यात सकाळी सवयीने शुगरची गोळी घेतली असेल, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस बरळतो.

भूल दिल्यावर पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात. त्यासाठी हलक्या जेवणानंतर साधारण ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास पुरतात. शुगरमुळे कुणाचे पोट हळू रिकामे होते, तेव्हा डॉक्टर वेळ वाढवतात.

म्हणून शेवटचे जेवण, शेवटचे पाणी आणि शुगरचा प्रत्येक आकडा वेळेसह लिहिला जावा. शुगरच्या पेशंटचा नंबर सकाळी पहिला लागावा. नंबर पुढे गेला की सिस्टरला विचारा, “आता पाणी देऊ का? शुगर कधी बघता?” ऑपरेशन रद्द झाले, तर जेवणाचे लगेच विचारा. चोरून घास भरवू नका आणि इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.