म्हातारपण डब्यात मिळत नाही

एकांकिकांच्या तालमीतून टाल्कम पावडरचा डबा हद्दपार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासोबत ती काळी आयब्रो पेन्सिलही जावी, जिने तेवीस वर्षांच्या पोरीच्या कपाळावर तीन आडव्या रेघा ओढल्या की 'आजी' तयार होते. काठी, कापणारा हात आणि चिरका आवाज यांनाही सोबत पाठवून दिलं तर उत्तमच.

मी दिवसा हिंजवडीत कोड लिहितो आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यगटात रंगभूषा-वेशभूषा बघतो. कमी पैशांतली, पन्नास-साठ मिनिटांत चाळीस वर्षं ओलांडणारी नाटकं आपल्याकडे भरपूर होतात. त्या जवळजवळ सगळ्यांत वय वाढवण्याची एकच रीत दिसते. तरुणपणी नट जसा आहे तसा उभा करायचा आणि मग दर प्रवेशाला त्याच्यावर काहीतरी चढवत जायचं, म्हणजे रेघा, पावडर, शाल, चष्मा, काठी. माझं म्हणणं असं की ही दिशाच उलटी आहे. तरुणपण चढवायचं असतं आणि वय म्हणजे ते एकेक करून उतरवणं.

हे नुसतं सुभाषित नाही. चेहऱ्याचंच बघा. तरुण चेहऱ्यावर ओठ, भुवया आणि डोळ्यांच्या कडा भोवतालच्या त्वचेपेक्षा ठळक उठून दिसतात. वय वाढतं तसा ओठांचा रंग उतरतो, भुवया विरळ आणि फिक्या होतात, डोळ्यांची चौकट पुसट होते. थोडक्यात, चेहऱ्यातला कॉन्ट्रास्ट कमी होतो, आणि समोरच्याचं वय ताडताना आपण नकळत तो वाचत असतो. आता काळी पेन्सिल काय करते? ती कॉन्ट्रास्ट वाढवते. म्हणून त्या रेघा दहाव्या रांगेतून दिसतही नाहीत आणि दुसऱ्या रांगेतून चेहरा मळल्यासारखा दिसतो. त्यात नटी हसली की तिची खरी घडी पडते एका जागी आणि काढलेली रेघ राहते दुसऱ्याच जागी. मग एकाच गालावर दोन सुरकुत्या दिसतात आणि प्रेक्षकाला प्रश्न पडतो की यातली कुठली मानायची.

आमच्या एका एकांकिकेचं उदाहरण सांगतो. नायिका शालन पुण्यात खानावळ चालवते. प्रवेश चार आहेत: १९८० मध्ये ती २२ वर्षांची, १९९६ मध्ये ३८, २००९ मध्ये ५१ आणि २०२४ मध्ये ६६. नटी एकच, वय २३. रंगभूषा आणि कपडे मिळून बजेट ४,००० रुपये. दोन प्रवेशांमध्ये जेमतेम मिनिटभराचा अंधार. मिनिटभरात काही चढवायला गेलात तर गोंधळ ठरलेला. पुसायला आणि काढायला मात्र तेवढा वेळ पुरतो.

म्हणून सगळी मेहनत आम्ही पहिल्या प्रवेशावर केली. बावीस वर्षांची शालन ही आमची खरी 'मेकअपवाली' शालन होती. भुवया भरलेल्या, काजळ, ओठांना त्यांच्याच रंगापेक्षा एक छटा गडद रंग, गालांवर किंचित लाली. नटीचे केस मुळात मध्यम, म्हणून गंगावन लावून जाड, कमरेपर्यंतची वेणी. दुसऱ्या प्रवेशाआधी गंगावन निघालं, तिच्याच केसांचा बुचडा झाला आणि गालांची लाली पुसली गेली. एवढ्यानेच १६ वर्षं गेली. तिसऱ्याआधी काजळ आणि ओठांचा रंग पुसला. फक्त दोन ठिकाणी, कानशिलांच्या खोलगट भागात आणि ओठांच्या कोपऱ्याखाली, बोटाने हलकी सावली दिली. ही सावली तांबूस तपकिरी हवी, त्वचेपेक्षा दोनच छटा गडद. आपल्या सावळ्या त्वचेवर राखाडी सावली राखेसारखी दिसते. चौथ्या प्रवेशाला ओठांवरच थोडं फाउंडेशन थापलं आणि भुवयांवरून त्याचाच ब्रश उलटा फिरवला. ओठ गेले, भुवया गेल्या आणि चेहरा आपोआप थकला. एकही रेघ ओढली नाही.

केसांबद्दल मला जरा जास्तच राग आहे. टाल्कम पावडर स्पॉटलाइटखाली धुरासारखी उडते आणि कुणी मिठी मारली की समोरच्याच्या खांद्यावर जाऊन बसते. पण त्याहून मोठी चूक निरीक्षणाची आहे. महाराष्ट्रातल्या शहरात पन्नाशीच्या किती बायका करड्या केसांच्या दिसतात? पन्नाशीचे केस पांढरे नसतात, ते जरा जास्तच काळे असतात! डाय केलेले, एकसारखे, चमक नसलेले. किंवा मेंदीने तांबूस झालेले. आणि भांगात मुळाशी बोटभर पांढरी पट्टी, कारण डाय लावायला सवड झालेली नाही. ५१ व्या वर्षीच्या शालनला आम्ही फक्त ती पट्टी दिली. पाण्यात कालवायचा पांढरा रंग, त्यात थेंबभर पिवळट तपकिरी (शुद्ध पांढरा दिव्यांखाली निळसर मारतो), आणि जुना टूथब्रश. अर्ध्या मिनिटाचं काम. रंग लगेच सुकतो आणि उडत नाही. त्या एका पट्टीत वय तर कळतंच, पण या बाईला स्वतःकडे बघायला वेळ नाही हेही कळतं. पावडरच्या डब्यात ही माहिती मिळत नाही.

कपड्यांचंही तेच. म्हातारं माणूस दाखवायला फिकट साडी आणि शाल काढण्याआधी ब्लाउजच्या खांद्याची शिवण बघा. पहिल्या प्रवेशातला ब्लाउज नटीच्या मापाचा, घट्ट, शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर. शेवटचा ब्लाउज दोन मापं मोठा. शिवण दंडावर उतरली की खांदे आपोआप अरुंद दिसतात आणि मान बारीक. पुरुष पात्राला हेच सैल कॉलरने साधतं. आणखी एक गोष्ट म्हणजे माणसाचे कपडे कॅलेंडरप्रमाणे बदलत नाहीत. साधारण चाळिशीनंतर बरेच जण एका फॅशनवर थांबतात. म्हणून २०२४ मधली शालन २००९ मधल्याच बाह्यांचा ब्लाउज घालते. शिवाय दुसरा ब्लाउज शिवायचे पैसेही वाचले.

पण या सगळ्याची किंमत फार तर चाळीस टक्के. उरलेलं वय शरीरात असतं, आणि तिथे पैसे लागत नाहीत, डोळे लागतात.

दिग्दर्शक नटाला सांगतात, 'म्हातारा चाल.' नट वाकतो, हात कापवतो. साठीतली माणसं कापत नाहीत हो! ती हालचालीआधी तयारी करतात. खुर्चीतून उठायचं तर आधी पुढे सरकतात, पाय मागे घेतात, हात मांडीवर ठेवतात आणि मग उठतात. मान वळवायच्या ऐवजी खांद्यांसकट वळतात. बसताना शेवटचं वीतभर अंतर शरीर सोडून देतात. तरुण माणूस हालचाल करता करता विचार करतो; वय झालेला आधी विचार करतो आणि मग एकदाच हालतो.

शालनसाठी आम्ही एकच कृती निवडली: पोळ्या लाटून उठणं. १९८० मध्ये ती जमिनीवर पोळपाट घेऊन बसते आणि हात न टेकता उठते. १९९६ मध्ये उठताना एक हात उजव्या गुडघ्यावर जातो, पण ती बोलत असते, त्यामुळे तिचं तिलाही कळत नाही. २००९ मध्ये ती ओट्याशी उभी राहून लाटते. काहीतरी सांडतं, ती टिपायला खाली बसते, आणि उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा ओट्यावर, वाक्य मध्येच थांबलेलं. २०२४ मध्ये ती खुर्चीत बसलेली असते. पुन्हा काहीतरी सांडतं. ती बघते आणि सुनेला हाक मारते. खाली बसतच नाही. या न बसण्यावर प्रेक्षागृहात जी शांतता पसरली, ती कुठल्याही काठीने मिळवलेली मी पाहिलेली नाही. कारण दुखणं तेच आणि गुडघाही तोच होता, म्हणून बाईही तीच राहिली. आपल्या बहुतेक नाटकांत चार वयांची चार वेगळी माणसं येतात, ही खरी गोची आहे.

आवाजाचं तर पूर्ण उलटं चाललंय. वय वाढतं तसा बायकांचा आवाज सहसा खाली जातो, बारीक होत नाही. ऐकायला कमी येऊ लागलं की माणसं पुटपुटत नाहीत, मोठ्याने बोलतात. बदलतो तो श्वास: एका दमात म्हटलं जाणारं वाक्य दोन ठिकाणी तुटतं. हे संवादाच्या कागदावर पेन्सिलीने खुणा करून बसवता येतं.

यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे 'रंगमंच आहे, लांबून दिसायला ठळकच करावं लागतं.' मान्य. पण शेवटच्या रांगेतून काय दिसतं? सुरकुती दिसत नाही, बाह्याकृती आणि वेग दिसतो. ठळक करायचं तर ते करा. १९८४ च्या 'सारांश'मध्ये निवृत्त शिक्षक प्रधान रंगवताना अनुपम खेर तिशीही न गाठलेले होते. तो सिनेमा पुन्हा बघा, आवाज बंद करून. सिनेमाच्या क्लोजअपमध्ये मात्र माझी ही स्वस्त पद्धत अपुरी पडते, हे खरं आहे. तिथे त्वचा ताणून लेटेक्सचे पातळ थर द्यावे लागतात, प्रत्येक थर सुकवावा लागतो, आणि आदल्या दिवशी ॲलर्जीची चाचणी घ्यावी लागते. मिनिटभराच्या अंधारात ते होत नाही, आणि पाचव्या रांगेला ते दिसतही नाही.

आपलं जमलंय का, हे तपासायला एक फुकट चाचणी आहे. रंगीत तालीम मधल्या रांगेतून मोबाइलवर शूट करा आणि नाटक न पाहिलेल्या मित्राला आवाज बंद करून दाखवा. विचारा, 'हिचं वय किती?' त्याने 'पन्नास-बावन्न' म्हटलं तर तुम्ही पास. त्याने 'म्हातारी आहे' म्हटलं तर नापास, कारण म्हातारी हे वय नाही, तो शिक्का आहे.

आणि हा शिक्का कुणावर बसतो ते बघा. आपण नाटकं करणारे सगळे विशी-पंचविशीतले. आपल्या संहितांमध्ये 'आई' असते पन्नाशीची, आणि आपण तिला पावडर लावून, वाकवून, खोकायला लावतो. माझी आई ५२ वर्षांची आहे. ती रोज स्कूटरवरून बँकेत जाते, मोबाइल हात लांब करून वाचते, चाळिशी पर्समध्येच विसरते, आणि जिना चढताना फोन आल्याचं निमित्त करून मधल्या पायरीवर थांबते. ते निमित्त रंगवता येईल अशी एकही पेन्सिल बाजारात नाही. ते घरी, समोर, रोज फुकट चाललेलं असतं, आणि आपण पावडरचा डबा उघडत बसतो.