आजींचं रक्त जातंय कुठं?

"वय झालं, आता रक्त कमी होणारच," हे वाक्य आपल्या वस्तीत सगळ्यांच्या तोंडी आहे. आम्हाला ते मान्य नाही. साठीनंतरही बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली किंवा पुरुषाचं 13 च्या खाली गेलं, तर त्याचं कारण शोधलंच पाहिजे. 2018 च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहिमेत बालकं, किशोरवयीन मुलंमुली, गरोदर आणि स्तनदा माता, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया असे सहा गट आहेत. आजी-आजोबांचा गटच नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी घरच्यांनीच विचारायला हवं.

समजा, शाहूवाडीतल्या 68 वर्षांच्या एका आजींना चढ चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन 8 निघालं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, दोन महिन्यांत थोडं बरं वाटलं, गोळ्या थांबताच पुन्हा 8. इथंच खरा प्रश्न सुरू होतो. पाळी थांबून वीस वर्षं झालेल्या बाईचं लोह जातं कुठं?

डॉक्टर आधी सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, बघतात. तो 80 ते 100 असावा. आजींचा 70, आणि फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा फक्त 9. लोह संपलंय हे नक्की. मग विचारपूस होते. गुडघेदुखीसाठी आजी दुकानातून आणलेली गोळी वर्षभर रोज घेत होत्या. अशा गोळ्यांनी जठराला जखम होते आणि रक्त थेंबथेंब झिरपतं, पोटात न दुखताही. शौच डांबरासारखी काळी होते. पण लोहाच्या गोळीनंही ती काळी होते, म्हणून गोळी सुरू होण्याआधी कशी होती ते डॉक्टरांना सांगा. पुढे कोल्हापूरला सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीनं जठर तपासतात. तिथं जखम दिसली तरी या वयात मोठं आतडंही बघून घ्यावं, कारण तिथल्या कॅन्सरचं पहिलं लक्षण कधीकधी एवढंच असतं. दुर्बीण म्हटलं की आपली माणसं घाबरून घरी परततात, हे आम्ही वारंवार पाहिलंय.

सगळ्यांचं कारण असंच नसतं. पेशींचा आकार नेहमीचा असेल तर क्रिएटिनिन बघतात. रक्त बनवायचा इशारा मूत्रपिंडाकडून जातो, ते थकलं की नुसत्या लोहानं भागत नाही. आकार 100 च्या वर असेल तर बी-12 तपासतात, विशेषतः मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घटल्या असतील आणि बी-12 ठीक असेल, तर मात्र अस्थिमज्जेची तपासणी लागते. कमरेच्या हाडातून सुईनं नमुना घेतात, जागा बधिर करून.

एवढं करूनही काहींचं कारण सापडत नाही. अशांचं सीबीसी दर तीन-चार महिन्यांनी करावं आणि जुने कागद एका पिशवीत जपावेत. आकडा कसा उतरत गेला, हे डॉक्टरांना त्या कागदांवरूनच कळतं.