मोती साबण नावासकट गेला

या आठवड्यात भाचीने परीक्षेच्या तयारीची एक पुस्तिका माझ्यासमोर ठेवली आणि माझं डोकंच उठलं. ब्रँडिंगचा पेपर, दहा गुणांचा प्रश्न: ‘हाउस ऑफ ब्रँड्स आणि ब्रँडेड हाउस यांतला फरक उदाहरणांसह लिहा.’ आदर्श उत्तर म्हणून दोन रकाने आखलेले. डावीकडे हिंदुस्थान युनिलिव्हर, जी प्रत्येक वस्तूला वेगळं नाव देते. उजवीकडे टाटा, जे सगळ्यांवर आपलंच नाव लावतात. उत्तर संपलं.

‘‘मामा, यात चूक काय आहे?’’ तिने विचारलं.

मी म्हटलं, ‘‘टायटन कोणाचं? वेस्टसाइड कोणाचं? जग्वार गाडी कोणाची?’’ तिन्ही टाटांची, आणि तिन्हींच्या नावात टाटा नाही. उजवा रकाना तिथेच ढासळला.

नियमित वाचकांना माझा हट्ट ठाऊक आहे: पाकीट उलटा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. पुढे ब्रँड असतो, मागे मालक. आज मात्र एक पाऊल पुढे जायचं आहे. मागचा मालक बदलला, तर पुढचं नाव त्याच्याबरोबर जातं की मागे राहतं? या दोन प्रकारांतला खरा फरक मला या एका प्रश्नात दिसतो, आणि तो रकाने आखून कळत नाही.

दिवाळीच्या पहाटे उटण्याशेजारी ठेवला जाणारा मोती साबण घ्या. मराठी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या येतोय. आज त्याच्या खोक्यावर हिंदुस्थान युनिलिव्हरचं नाव असतं, पण तो जन्मला टाटांच्या घरात, टाटा ऑइल मिल्स म्हणजे ‘टॉमको’मध्ये. हमाम आणि ५०१ हेही तिथलेच. १९९३ मध्ये टॉमको हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करायचं ठरलं. कामगार संघटनेने आणि काही भागधारकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९४ मध्ये विलीनीकरणावर शिक्कामोर्तब झालं. कंपनीच्या नावातला ‘टाटा’ पुसला गेला. मोती मात्र मोतीच राहिला. गिऱ्हाइकाने दुकानात तोच साबण त्याच नावाने मागितला, कारण त्याने कधी ‘टाटा साबण’ मागितलाच नव्हता. लॅक्मेचंही तसंच झालं. टाटांनी १९५२ मध्ये सुरू केलेला हा ब्रँड सिमोन टाटांनी वाढवला, आणि १९९८ मध्ये तो नावासकट लिव्हरकडे गेला. लिपस्टिक घेणाऱ्या किती जणींना मालक बदलल्याचा पत्ता लागला असेल?

आता याच घरातलं दुसरं उदाहरण. २००९ मध्ये टाटांनी जपानच्या एनटीटी डोकोमोबरोबर ‘टाटा डोकोमो’ ही मोबाइल सेवा आणली. मिनिटाऐवजी सेकंदावर पैसे आकारून तिने सगळ्या कंपन्यांना त्याच वाटेने यायला लावलं. पुढे तोटा वाढला, कर्ज वाढलं, जपानी भागीदाराने बाहेर पडायचं ठरवलं. २०१७ मध्ये हा ग्राहक-व्यवसाय भारती एअरटेलला देण्याचं जाहीर झालं आणि २०१९ मध्ये व्यवहार पुरा झाला. एअरटेलला ग्राहक मिळाले, स्पेक्ट्रम मिळाला. नाव मात्र व्यवहारात येणं शक्यच नव्हतं, कारण ते एकट्या त्या कंपनीचं नव्हतं. ‘टाटा’ हे नाव टाटा सन्सकडे असतं, समूहातल्या कंपन्या ते करार करून, फी देऊन वापरतात. नावाचा दुसरा अर्धा भाग जपानी कंपनीचा. मधे विकण्यासारखं उरलं काय? दहा वर्षं जाहिरातींवर ओतलेला पैसा ज्या नावात साठला होता, ते नाव खरेदीदाराच्या उपयोगाचं नव्हतं.

एक काळजी घ्या. लॅक्मेला चांगली किंमत आली आणि टाटा डोकोमोचा मोबाइल धंदा जवळजवळ फुकट द्यावा लागला, म्हणून हा फरक नावामुळे पडला असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. एक धंदा चालता होता, दुसरा कर्जात बुडालेला. त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की मोती आणि लॅक्मे घरापासून सुटे करता आले, टाटा डोकोमो आला नाही.

मग नाव सगळीकडे लावायचंच कशाला? याचं उत्तर सराफ कट्ट्यावर मिळतं. साबण आठवडाभर वापरला की कळतो. सोन्याची शुद्धता गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कधीच कळत नाही, म्हणून पूर्वी घराण्याचा सराफ ठरलेला असायचा. नव्वदच्या दशकात तनिष्क आलं तेव्हा त्याच्याकडे असं घराणं नव्हतं. त्याने दुकानात कॅरटमीटर ठेवलं, तुमच्या घरचा दागिना तुमच्यासमोर तपासून दाखवला, आणि पाटीवर ‘तनिष्क’च्या खाली बारीक अक्षरांत टाटांचं नाव लावलं. दुकानाची शान तनिष्कची, हमी टाटांची. हा ना पहिला रकाना, ना दुसरा. डेव्हिड आकर आणि एरिक योआखिमस्टालर यांनी २००० साली मांडलेल्या पट्ट्यात याला ‘एन्डॉर्स्ड ब्रँड’ म्हणतात. त्यांनी दोन टोकं सांगितलीच, पण मधे दोन पायऱ्याही ठेवल्या: सब-ब्रँड आणि एन्डॉर्स्ड ब्रँड. पुस्तिकेने नेमक्या या दोन पायऱ्या गाळल्या आहेत, आणि बहुतेक खऱ्या कंपन्या तिथेच उभ्या असतात. हे मला साधं दुर्लक्ष वाटत नाही, हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

युनिलिव्हरच्या बाजूचा फायदा सर्फ आणि व्हीलमध्ये दिसतो. स्वस्त निरमा घराघरांत शिरल्यावर लिव्हरने सर्फ स्वस्त केला नाही, व्हील नावाची वेगळी पावडर काढली. दोघांचा मालक एकच, हे गिऱ्हाइकाला जाणवायचं कारण नव्हतं, त्यामुळे सर्फची इभ्रत शाबूत राहिली. पण प्रत्येक नावाला स्वतःची जाहिरात लागते, दुकानात स्वतःची फळी लागते, आणि नावं वाढत जातात. २००० साली युनिलिव्हरकडे जगभरात सुमारे १,६०० ब्रँड होते आणि त्यांतले ४०० ठेवायचं तिने ठरवलं. एका घरात इतकी नावं पोसणं तिलाही जड झालं होतं.

भाचीला मी सांगितलं, रकाने आखू नकोस. एकच समूह घे, त्यातली एक वस्तू विकून बघ, एक बदनाम करून बघ. विकताना नाव बरोबर गेलं आणि बदनामीचे शिंतोडे शेजारच्या वस्तूवर उडाले नाहीत, तर ते हाउस ऑफ ब्रँड्सचं टोक. नाव अडकलं आणि शिंतोडेही उडाले, तर ब्रँडेड हाउसचं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग स्वयंपाकघरात जाऊन टाटा मिठाचं पाकीट घेऊन आली आणि न सांगता उलटून वाचू लागली. ‘‘मामा, यावर टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्स आहे. मीठ तर टाटा केमिकल्सचं ना?’’

बरोबर पकडलं होतं तिने. २०२० मध्ये मिठाचा ग्राहक-व्यवसाय टाटा केमिकल्समधून काढून चहाच्या कंपनीत घातला गेला, आणि त्या कंपनीचं नाव टाटा कन्झ्युमर झालं. पाकिटावरच्या ‘टाटा’ला धक्काही लागला नाही, कारण वस्तू घरातल्या घरातच हलली होती. ‘‘आणि बाहेरच्या कोणाला विकायचं असतं तर?’’ तिने विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत वही ओढून लिहायला बसली.