आडनाव वेगळं, रक्त एकच

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जुन्या गावात मूळपुरुषाचं स्थान असतं. कधीकाळी चार-दोन घरं येऊन वसली, त्यांचीच पुढे वाडी झाली, वाडीचा गाव झाला. मूळपुरुषाकडून वतन येतं, आडनाव येतं, देवस्थानातला मान येतो. त्याच्या पेशींत एखादी जनुकीय चूक असेल तर तीही येते, आणि तिला वाटणीपत्र लागत नाही. आनुवंशिकीत याला ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात. मोजक्या माणसांपासून समाज वाढला की त्या मोजक्यांपैकी एकाकडे असलेला दुर्मीळ दोष पुढे शेकडो घरांत सापडतो.

याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेला एक नवा रक्तगट ‘लॅन्सेट’मध्ये जाहीर केला. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. ए आणि बी गटांच्या खुणा लाल पेशीवर बसतात त्या ‘एच’ नावाच्या पायावर. ओ गटाच्या माणसात पाया असतो, वरची खूण नसते. बॉम्बे गटाच्या माणसात पायाच नसतो. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत त्याचं रक्त हुबेहूब ओ गटासारखं दिसतं. मात्र त्याच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडं असतात. त्याला ओ गटाची बाटली चढवली तर ही प्रतिपिंडं त्या पेशी फोडून टाकतात. मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जीवही जाऊ शकतो.

हा दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच गट बॉम्बे होतो. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक राहतो आणि आयुष्यभर त्याला पत्ता लागत नाही. युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याचा. मुंबईत १९७०च्या दशकातल्या पाहणीत तो सुमारे ७६०० माणसांत एकाचा आढळला. देशात नोंदलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले निघाले. गोवा आणि कर्नाटकातही तो सापडतो.

इतका फरक का? उत्तर १९९७ साली जनुकांच्या तपासणीतून मिळालं. भारतीय बॉम्बे गटाच्या माणसांत एफयूटी-१ या जनुकात एका ठरावीक जागी एका अक्षराची चूक असते आणि शेजारचं एफयूटी-२ हे जनुक गायबच असतं. दोन्ही घटना स्वतंत्रपणे दुर्मीळ. त्या वेगवेगळ्या माणसांत, वेगवेगळ्या वेळी, नेमक्या जोडीनेच घडल्या असं मानणं कठीण. म्हणजे ही जोडी कुण्या एका पूर्वजाकडून वारशाने आलेली आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेलेल्या भारतीयांच्या वंशजांतही हीच जोडी सापडते. त्याच बेटावरच्या युरोपीय वंशाच्या कुटुंबांतही एच नसलेली माणसं आहेत, पण त्यांच्यातली चूक निराळी आहे, कारण त्यांचा मूळपुरुष निराळा.

आता एक साधा हिशेब. वीस जोडपी, म्हणजे चाळीस माणसं, एका खाडीकाठी वसली आणि त्यांपैकी एकच जण वाहक होता असं समजा. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणून ऐंशी प्रतींत एक सदोष. पुढच्या पिढ्यांत लग्नं आपसातच झाली आणि हे प्रमाण टिकलं, तर मूल बॉम्बे गटाचं होण्याची शक्यता ऐंशी गुणिले ऐंशी, म्हणजे ६४०० मध्ये एक. मुंबईच्या आकड्याच्या जवळपास पोचायला एक वाहक पुरला. प्रत्यक्षात प्रमाण तेवढंच राहत नाही. त्या वाहकाला मुलं जास्त झाली तर ते वाढतं, तो निपुत्रिक राहिला तर दोष तिथेच संपतो. म्हणूनच एका समाजात एक आजार दिसतो आणि शेजारच्या समाजात दुसराच.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ‘आमच्यात नात्यात लग्न करत नाहीत’ असं सांगणारं कुटुंब निश्चिंत असतं. पण वरच्या हिशेबात नात्यातलं एकही लग्न नाही. जातीतच, त्यातही ठरावीक गावांतच सोयरीक करण्याची रीत एवढं घडवायला पुरेशी आहे. नात्यातलं लग्न ही त्यावरची भर. ७६०० मध्ये एक हाच आकडा धरला, तर सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात ही शक्यता साधारण १२०० मध्ये एक होते, म्हणजे सहापटीहून जास्त. दोष जितका दुर्मीळ, तितकी ही पट मोठी.

कुळ किंवा देवक पाहून केलेलं लग्नही यातून वाचवत नाही. कुळ बापाकडून मोजलं जातं. मामाच्या मुलीचं आडनाव वेगळं, कुळ वेगळं, म्हणून ती ‘चालते’. पण तिचे आजी-आजोबा आणि मुलाच्या आईचे आई-वडील ही एकच माणसं. जनुक आडनाव विचारत नाही.

हा प्रश्न एका रक्तगटापुरता नाही. हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८१ गटांत संस्थापक परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र होता. अश्केनाझी ज्यूंनी आपल्यातले आजार ओळखून लग्नाआधी किंवा गरोदरपणी वाहक-तपासणी सुरू केली आणि टे-सॅक्ससारखा जीवघेणा बालआजार जवळजवळ आटोक्यात आणला. जात मोडा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या समाजात काय आहे एवढं त्यांनी जाणून घेतलं.

आपल्याकडे मात्र अशी गोष्ट खानदानाला बट्टा म्हणून झाकली जाते. त्याची किंमत घरातल्याच माणसाला मोजावी लागते. नवरा-बायको दोघांच्या कार्डावर ‘ओ’ आणि मूल ‘ए’ गटाचं, असं झालं की संशय बाईवर जातो. वास्तविक जोडीदारांपैकी एक बॉम्बे गटाचा असू शकतो. ए-चं जनुक त्याच्याकडे असतं, पण पायाच नसल्याने ते दिसत नाही. दुसऱ्या पालकाकडून पाया मिळाला की मुलात ते प्रकट होतं. हे ठाऊक नसल्याने एखादा संसार मोडू शकतो.

निदान अवघड नाही. शिबिरातल्या काचपट्टीच्या चाचणीत फक्त पेशी तपासल्या तर हा गट निसटतो. ‘उलट गट तपासणी’त रुग्णाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी ताडून पाहतात; गुठळ्या झाल्या की शंका घ्यायची आणि एचविरोधी द्रव वापरून खात्री करायची. ‘ओ’ गटाच्या रुग्णाशी ओ गटाची एकही पिशवी जुळत नसेल, तर तीही धोक्याची खूण. प्रत्येक रक्तपेढीत उलट तपासणी कटाक्षाने व्हायला हवी, आणि बाळंतपणाची नोंद करताना गट कार्डावरून उतरवून घेऊ नये.

एक बॉम्बे गट सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करावी. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारात एक. गरज पडेल तेव्हा रक्त देऊ शकणारा माणूस बहुधा त्याच घरात सापडेल. दोष ज्या मूळपुरुषाकडून आला, दाताही त्याच्याच वंशात मिळणार. फक्त नातं लपवून चालणार नाही.