बोर्डावरचे कोणते बटण कशाचे?

वाचकहो, आज रात्री जेवणे आटोपली की घरातल्या सगळ्यांना एक प्रश्न विचारून पाहा. "गोठ्याचा दिवा बोर्डावरच्या कुठल्या बटणावर आहे?" शहादे तालुक्यातल्या एका घरी आम्ही तो विचारला. मालक म्हणाले, "शेवटच्या." थोरला मुलगा म्हणाला, "चौथ्या." मालकीणबाई म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी आपली मीटरजवळचा खटका ओढते." खरे सांगायचे तर त्यांचेच उत्तर सर्वांत शहाणपणाचे होते. का, ते पुढे येईल.

हे घर जुने, धाब्याचे. पावसाळ्यात धाब्याची माती भिजते, ओल भिंतीत उतरते आणि वायरीच्या एखाद्या जोडात शिरते. मग भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात, किंवा गोठ्यातले जनावर लोखंडी खांबाला टेकताच उडी मारते. अशा वेळी अंधारात, पावसात, सहा बटणांपैकी कुठले पाडायचे याचा विचार करत बसायला सवड नसते. म्हणून ते काम आधीच, दिवसाउजेडी करून ठेवावे. दोन माणसे, एक टेबल-लँप, कागद आणि पेन्सिल एवढेच लागते. पायात कोरडी चप्पल असावी, हात कोरडे असावेत आणि बोर्डाचे स्क्रू मुळीच उघडू नयेत.

त्या घरच्या बोर्डात मेन स्विच, त्यानंतर एक रुंद बटण आणि पुढे सहा लहान एमसीबी होते. रुंद बटण म्हणजे आरसीसीबी. वीज कुठे गळू लागली की ते आपोआप पडते. त्यावर 'टी' लिहिलेले बारीक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबल्यावर आरसीसीबी पडले नाही तर वायरमनला बोलवावे.

आम्ही प्रथम मेन बंद केला. तरी माजघरातला दिवा आणि पंखा चालूच राहिला, कारण तो इन्व्हर्टरवर होता. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी वीज घरच्या विजेइतकीच, म्हणजे २३० व्होल्टची असते. तिचा झटका तितकाच जीवघेणा. म्हणून मेन बंद असताना जे जे चालू राहिले ते सगळे लाल पेन्सिलीने लिहिले आणि मग इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या खटक्याने बंद केला. आता घर पूर्ण अंधारात आले.

नंतर सहाही एमसीबी खाली पाडून मेन आणि आरसीसीबी चालू केले. मग पहिले एमसीबी वर करायचे, बाकी खाली. एकाने बोर्डाजवळ थांबायचे, दुसऱ्याने घरभर फिरून प्रत्येक दिवा व पंखा लावून पाहायचा आणि प्रत्येक प्लगमध्ये टेबल-लँप घालून पाहायचा. जे पेटले ते पहिल्याचे. ते लिहून झाले की पहिले खाली, दुसरे वर. तासाभरात काम झाले.

निष्कर्ष काय निघाला? गोठ्याचा दिवा ना सहाव्यावर होता, ना चौथ्यावर. तो स्वयंपाकघराच्या दुसऱ्या बटणावर होता. गोठा मागाहून बांधला तेव्हा कुणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून नेली होती. सहावे बटण तर मोकळेच, त्यावर काहीच नव्हते. गोठ्यात म्हैस चिकटली असती आणि मालकांनी सहावे पाडले असते, तर वायरीत वीज तशीच राहिली असती!

म्हणूनच मालकीणबाईंचे उत्तर शहाणपणाचे. जिवावर बेतले असता बटण शोधू नका, आधी मेन पाडा. चिकटलेल्या माणसाला मेन पाडण्याआधी हात लावू नका. चिठ्ठ्यांचा उपयोग त्यानंतरचा. आरसीसीबी पुन्हापुन्हा पडत असेल तर सगळी एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. ज्यावर ते पडेल तीच बिघडलेली शाखा. ते एक खाली ठेवा, बाकी घरात दिवे लावा आणि सकाळी वायरमनला नेमकी जागा दाखवा. एमसीबी स्वतःहून पडले असेल तर दांडी आधी पूर्ण खाली दाबून मग वर करावी. पुन्हा पडले तर जोर करून धरू नये.

आता चिठ्ठ्या. "आईची खोली", "भाऊंचा पंखा" असे लिहू नका, खोल्यांची माणसे बदलतात. "मागची खोली – दिवे", "स्वयंपाकघर आणि गोठा" असे लिहा. सालदाराला किंवा आजीला वाचता येत नसेल तर शेजारी चित्र काढा. गोठ्याला म्हैस, स्वयंपाकघराला चूल. मेनवर लाल रंगाची मोठी खूण करा. न पुसणाऱ्या शाईने लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा.

नकाशा म्हणजे घराच्या खोल्यांचे चौकोन. प्रत्येकात त्याच्या बटणाचा आकडा घाला. मीटर, मेन आणि इन्व्हर्टर कुठे आहेत ते दाखवा. एक प्रत बोर्डाच्या दारावर आणि एक ओसरीत लावा, कारण बोर्डाजवळच आग लागली तर तिथला कागद वाचता येणार नाही.

नकाशात घराबाहेरच्या दोन गोष्टी अवश्य दाखवा. पहिली म्हणजे विहिरीवरची मोटर. तिची जोडणी आणि मीटर वेगळे असतात, त्यामुळे घरचा मेन पाडून ती बंद होत नाही. तिचा खटका विहिरीवरच्या पेटीत असतो. त्यातही 'ऑटो' बसवलेला असेल तर मध्यरात्री वीज येताच मोटर आपोआप सुरू होते. "वीज नाही" म्हणून कुणी पाईपाला किंवा केबलला हात घातला असेल, त्याच वेळी. सौर पंप असेल तर ऊन आहे तोवर पॅनेलपासून पेटीपर्यंतच्या तारांत वीज असतेच, हेही लिहा.

दुसरी म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतची वायर. ती मेनच्या अलीकडची, म्हणून मेन पाडला तरी जिवंत राहते. ती तुटून पडली तर माणसे-जनावरे दूर ठेवा आणि महावितरणला १९१२ वर फोन करा. डीपीवर स्वतः जाऊन फ्यूज काढू नका. हा क्रमांकही नकाशावर लिहा.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. हा नकाशा वीज तोडण्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. एमसीबी पाडले तरी जुन्या वायरिंगमध्ये दुसऱ्या शाखेची किंवा इन्व्हर्टरची वीज त्याच होल्डरात येऊ शकते. दिवा विझला म्हणजे तार मेली असे नव्हे.

त्या घरी कागदाच्या कोपऱ्यात आम्ही तारीख घातली. पुढच्या वेळी वायरमन नवा पॉइंट काढून गेला की त्याच दिवशी नकाशा दुरुस्त करायचा, असे ठरले. चुकीचा नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट.