दडा बसला म्हणजे काय झालं?

पावसाळा सुरू झाला की कळंबोलीच्या लोखंड बाजारातले कामगार कानाची तक्रार घेऊन आपल्या दवाखान्यांत येतात. तक्रार बहुतेक एकाच शब्दात असते: ‘दडा बसलाय.’ आपण ऑटोस्कोप लावतो, मळ दिसतो, थेंब लिहून देतो. बहुतेक वेळा निदान बरोबरच असतं. पाणी गेलं की मळ फुगतो, बुरशी धरते, सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचतं. या सगळ्यांत आवाज आत पोचण्याची वाट अडलेली असते, आतला कान शाबूत असतो. हा कंडक्टिव्ह बहिरेपणा.

घात होतो तो उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत. समजा, चाळिशीचा एक माथाडी कामगार आहे. काल सकाळी उठला तोच उजवा कान गच्च, शिवाय कानात शिट्टी वाजतेय. मळ दोन्ही कानांत आहे. इथे मळ दिसला म्हणून थांबायचं नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर मधोमध ठेवायचा. मळामुळे ऐकू येत नसेल, तर आवाज त्याच बंद कानात मोठा लागतो. हा कामगार मात्र डाव्या, चांगल्या कानाकडे बोट दाखवतो. म्हणजे उजवीकडचं कॉक्लिया किंवा नस गेली आहे. हा सेन्सोरीन्यूरल बहिरेपणा, तोही अचानक आलेला.

आता फोर्क उजव्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि मग कानासमोर धरला. तो म्हणतो, हाडावर जास्त ऐकू येतं. हे तर कंडक्टिव्हचं लक्षण! इथेच फसगत होते. उजवा कान पुरता गेला असेल, तर हाडातून गेलेला आवाज डावा कान ऐकतो. लहानपणी गालगुंडानंतर एक कान गेलेल्यांतही हेच दिसतं. म्हणून रिने एकटी वाचू नये, वेबरसोबतच वाचावी.

अशा रुग्णाला थेंब देऊन ‘आठवड्याने या’ म्हणणं महागात पडतं. त्याच दिवशी ऑडिओमेट्री आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायला हवेत. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून.

फोर्कची एक मर्यादा इथे फार जाणवते. पत्रे आदळण्याच्या, ग्राइंडरच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचे दोन्ही कान सारखेच उतरतात, तेव्हा वेबर मध्यावर येते आणि रिने निर्दोष वाटते. त्यांची खाच ४००० हर्ट्झच्या आसपास पडते. ५१२चा फोर्क ती पकडणार कशी? तिथे ऑडिओग्रामच हवा, आणि तोही सुटीनंतर, पाळीवर जाण्याआधी काढलेला. पाळी संपवून थेट आलेल्या कामगाराच्या आलेखात त्या दिवसाचा तात्पुरता थकवाही मिसळलेला असतो.