माउस अडतो तेव्हा हात नाही, पोर्ट बघा

वायरलेस माउस अडायला लागला की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या. पहिली, तो टेबलावर आपटणे. दुसरी, सेल काढून परत घालणे. तिसरी, "चायना माल" म्हणून नवीन माउस मागवणे. मंडळी, माझं मत असं आहे की यातल्या बऱ्याच माउसांना विनाकारण फाशी होते. गुन्हेगार भलताच असतो आणि तो कॉम्प्युटरच्या मागे निळा शर्ट घालून बसलेला असतो.

हे मत बनलं बांद्याला. माझ्या काकांचं तिथे बाजारपेठेत फोटो स्टुडिओ आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नसराईत अल्बम, पत्रिका, कट्ट्यावरच्या बॅनरपासून सगळं. गेल्या सीझनला त्यांच्या माउसचा कर्सर मध्येच गोठायचा आणि मग एकदम स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला उडी मारायचा. फोटोतला चेहरा कापताना असं झालं की सगळी कड वाकडी. जिथून माउस घेतला त्या दुकानदाराने एकदा बदलून दिला, दुसऱ्यांदा म्हणाला, "तुमचा हात जड आहे." काका साठीच्या पुढचे. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. फोनवर मला म्हणाले, "बाबू, माझो हात आता थरथरता वाटता रे." बारीक काम भाच्याकडे सोपवायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता लक्षण नीट बघा. हात थरथरला तर कर्सर थरथरेल, पण गोठणार नाही. गोठून उडी मारणं म्हणजे मधली माहिती पोचलीच नाही. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी एक फुकटची चाचणी करा. कर्सर अडला की लगेच क्लिक करून बघा. क्लिकही हरवलं किंवा उशिरा लागलं, तर गडबड सेलची किंवा रेडिओची. क्लिक बरोबर लागतंय पण कर्सर भरकटतोय, तर गडबड माउसखालच्या पृष्ठभागाची. आणि वायरवाल्या कीबोर्डवर टाइप केलेलंही उमटत नसेल, तर बिचाऱ्या माउसला सोडा, कॉम्प्युटरच हँग आहे.

काकांकडे क्लिकही हरवत होते आणि कीबोर्ड मात्र ठणठणीत. तरी क्रमाने गेलो, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली नाही तर नेमकं कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

आधी सेल. नवा अल्कलाइन सेल घातला. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत सेल नवा असूनही आतल्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर बसलेला असू शकतो, म्हणून ती खोडरबराने घासून घेतली. (रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि अल्कलाइन १.५ चा. त्यामुळे रिचार्जेबल वापरत असाल तर माउस "बॅटरी कमी" असं उगाच ओरडू शकतो.) फरक शून्य.

मग पृष्ठभाग. माउसच्या पोटातला सेन्सर खालच्या जागेचे सेकंदाला हजारो छोटे फोटो काढतो आणि एकमेकांशी ताडून हालचाल ओळखतो. स्वच्छ काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर त्याला ओळखीची खूणच सापडत नाही. उपाय म्हणून माउसखाली साधा कोरा कागद ठेवायचा. पत्रिकांच्या दुकानात कागदाला काय तोटा! तरीही फरक शून्य.

आता एक प्रयोग. काकांचा टॉवर टेबलाखाली आणि रिसीव्हर त्याच्या मागच्या पोर्टात. माउस उचलून रिसीव्हरपासून दहा सेंटिमीटरवर नेला आणि पुस्तकावर फिरवला. कर्सर लोण्यासारखा चालला. जवळ नेल्यावर सुधारतो म्हणजे रेडिओचाच प्रश्न, इतपत नक्की झालं. मग मी विचारलं, "काका, हे दिवसभर होतं की ठराविक वेळी?" थोडा विचार करून ते म्हणाले, फोटो कॉपी करताना जास्त. तिथेच उत्तर सापडलं. रिसीव्हरला अगदी खेटून, शेजारच्या निळ्या पोर्टात त्यांची बाहेरची हार्ड डिस्क लावलेली होती.

निळं पोर्ट म्हणजे बहुधा यूएसबी ३.०. त्यात माहिती सेकंदाला ५ गिगाबिटने धावते. इतक्या वेगाने विजेचे चढउतार झाले की केबल, जोड आणि डिस्कची पेटी यांतून थोडा रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो, आणि तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. माउसचा रिसीव्हर नेमका तिथेच कान लावून बसलेला असतो. जुन्या यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट, त्यामुळे त्याचा असा त्रास नसतो. हे काही गुपित नाही. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक टिपण प्रसिद्ध केलं. यूएसबी ३.० हार्ड डिस्कजवळ २.४ गिगाहर्ट्झचा गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढू शकतो, असं त्यात मोजून दाखवलं आहे. २० डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभर पट. भर बाजारात कोणी कानाशी ढोल बडवत असताना पलीकडच्या माणसाचं कुजबुजणं ऐकण्यातला प्रकार.

खात्री करायला डिस्क काढली. माउस सुधारला. डिस्क लावून कॉपी सुरू केली. माउस परत अडला. दोनदा असं झालं की शंका उरत नाही.

उपाय म्हणजे एक मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेंशन केबल. एक टोक मागच्या काळ्या पोर्टात, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर, तो टेबलावर मॉनिटरच्या पायाशी चिकटवला. यात दोन फायदे एकदम होतात. गोंगाट करणारी डिस्क तीन सेंटिमीटरवरून हातभर लांब गेली आणि माउस सव्वा मीटरवरून वीतभर अंतरावर आला. त्यानंतर कॉपी चालू असतानाही कर्सर अडला नाही आणि काका परत स्वतः चेहरे कापू लागले.

हेच सगळीकडे लागू पडेल असं नाही. डिस्क नसतानाही माउस अडत असेल तर वाय-फायकडे बघा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला झाला, तेव्हापासून वाय-फाय, ब्लूटूथ, माउस सगळे त्याच गल्लीत नांदतात. राउटर टेबलावरून हलवा, किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा. आणि फक्त थोडा वेळ स्वस्थ बसल्यावरच माउस झोपत असेल तर तो वीजबचतीचा भाग असतो, गोंगाटाचा नव्हे.

माझी तक्रार वेगळीच आहे. पातळ लॅपटॉपवर दोनच पोर्ट, दोन्ही वेगवान, एकमेकांना खेटून. निळा रंगही सक्तीचा नाही, त्यामुळे कित्येक ठिकाणी ती ओळखही नसते. काही कंपन्या माउससोबत छोटी एक्स्टेंशन केबल देतात, पण बहुतेक खोक्यांत ती नसते आणि "रिसीव्हर डिस्कपासून दूर लावा" ही एक ओळही नसते. ज्या दोषाचं कारण २०१२ पासून छापील आहे, त्याचं खापर वापरणाऱ्याच्या हातावर, वयावर फुटतं. केबलचा खर्च नवीन माउसपेक्षा कमीच.

तेव्हा घरी आई-बाबांचा माउस अडतोय असं कळलं की ऑनलाइन नवीन मागवण्याआधी त्यांना एवढंच विचारा: रिसीव्हरच्या शेजारी काय लावलंय? :-)